टिपणासाठी एकच जाहीरनामा धरा

प्रबोधनकाळातल्या विचारवंतांचा फ्रेंच आणि अमेरिकी क्रांतीवर झालेला प्रभाव, या विषयावरचं पहिलंच टिपण आहे, तर सगळे विचारवंत कोंबू नका. २६ ऑगस्ट १७८९ चा फ्रान्सचा मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या आणि त्यातली तीनच कलमं दाखवा:

- कलम २: स्वातंत्र्य, मालमत्ता हे नैसर्गिक हक्क. हा लॉकचा विचार.
- कलम ६: कायदा म्हणजे सामूहिक इच्छेचा आविष्कार. इथे रूसो.
- कलम १६: सत्ताविभाजन नसेल तिथे संविधानच नाही. हा माँतेस्क्यू.

नेहमीची चूक म्हणजे ‘रूसोने लिहिलं म्हणून क्रांती झाली’ असं लिहिणं. तो १७७८ मध्येच वारला होता. रिकामी तिजोरी आणि महागलेला पाव यांमुळे असंतोष पेटला. काय मागायचं, कोणत्या हक्काने मागायचं, ते या विचारांनी शिकवलं.

स्त्रिया मात्र वगळल्या गेल्या. त्यासाठी फ्रेंच लेखिका ऑलिंप द गूजने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. हे वाक्य गाळू नका. अमेरिका पुढच्या टिपणात घ्या.