आठवड्यांच्या पट्ट्या हातानं रंगवू नकोस

सांगलीतल्या एका हळदीच्या गोदामाच्या बांधकामाचं वेळापत्रक मीही आधी एक्सेलमध्ये हातानंच रंगवलं होतं. पावसानं पाया आठवडाभर लांबला आणि पुढचे सगळे रकाने पुसत बसलो. तू दुसऱ्या ओळीपासून एकेका कामाची B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट आणि E1 पासून उजवीकडे दर सोमवारची तारीख टाक. मग E2 पासूनचा भाग निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र दे:

```
=AND(E$1<=$C2, E$1+6>=$B2)
```

ते `+6` विसरलास, तर बुधवारी ११ तारखेला सुरू होणारं काम सोमवार ९ च्या रकान्यात दिसतच नाही, पट्टी थेट १६ पासून उगवते. B3 मध्ये `=C2+1` लिही आणि C3 मध्ये B3 अधिक कामाचे दिवस वजा एक असं सूत्र दे, म्हणजे पाया लांबला की भिंतीही आपोआप सरकतील. एखादी ओळ कोरीच राहिली तर सुरुवातीची तारीख बघ. बहुतेक ती मजकूर म्हणून पडलेली असते.