फोटो उडाला, खोका रद्दीत गेला: फुटलेल्या पार्सलची तक्रार शब्दांत कशी लिहावी

प्रश्न: ऑनलाइन मागवलेल्या चिनी मातीच्या तीन बरण्यांपैकी मोठी बरणी फुटून आली. फोटो काढला होता, पण मोबाईलची मेमरी साफ करताना डिलीट झाला, ट्रॅशमधूनही गेला. खोका रद्दीवाल्याला दिला. फुटलेले तुकडे मात्र ठेवलेत. रिफंडच्या तक्रारीत आता नुसतं लिहून काय सांगू? मी कांदिवलीला राहते.

उत्तर:

भिवंडीच्या एका गोदामात परत आलेला माल आणि मोडतोडीच्या तक्रारी बघायचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यामुळे तुमचा मजकूर वाचणारा माणूस त्यात काय शोधतो, तिथूनच सुरुवात करते. बरणी फुटली यावर त्याचा सहसा विश्वास बसतो. त्याला ठरवायचं असतं ते वेगळंच: ती तुमच्या हातात पडण्याआधी फुटली की नंतर? आणि आधी फुटली असेल, तर पॅकिंग कच्चं होतं की वाटेत पार्सल आपटलं? पहिल्या प्रश्नावर तुमचा रिफंड ठरतो. दुसऱ्यावर ते पैसे विक्रेत्याकडून कापायचे की कुरियरकडून, हे ठरतं. फोटोतून या दोन्ही गोष्टी पटकन कळतात. आता त्या तुमच्या वाक्यांतून कळल्या पाहिजेत.

“पार्सल पूर्ण डॅमेज आलं, अतिशय वाईट सर्व्हिस, लगेच पैसे परत करा” अशा तक्रारी रोज ढिगाने येतात. राग समजतो, पण त्यातून वरच्या दोनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. शिवाय तीनपैकी एकच बरणी फुटली असताना “पूर्ण डॅमेज” लिहिलं, तर पुढच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहिलं जातं. दोन बरण्या शाबूत आहेत हे स्वतःहून लिहा. त्याने तुमची बाजू कमकुवत होत नाही, उलट विश्वास वाढतो.

तुमच्या प्रकरणात सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे तुकडे कुठे सापडले. बरणी बबल रॅपमध्ये गुंडाळलेली होती का? रॅपवरची चिकटपट्टी तुम्ही स्वतः कापली का? कापल्यावर तुकडे आणि पांढरा चुरा रॅपच्या आतच होता का? तसं असेल तर ती बरणी गुंडाळल्यानंतर आणि तुम्ही उघडण्याआधी फुटली, याला दुसरा अर्थ निघत नाही. ओट्यावरून हातातून निसटलेली बरणी लादीवर पसरते, तिचा चुरा बंद रॅपमध्ये जात नाही. तपासणारा माणूस हे एका वाचनात ओळखतो. पण बहुतेक लोक हेच वाक्य लिहायचं विसरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरची खूण आणि आतली मोड यांचा मेळ. खोका नसला तरी तो कसा होता ते आठवा, आणि आठवताना लेबल समोर धरा. “एका बाजूला चेपला होता” यातून काही कळत नाही. “पत्त्याचं लेबल सरळ वाचता येईल असा खोका धरला, तर खालचा उजवा कोपरा आत गेला होता” असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर खोका उभा राहतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात मोठी बरणी होती आणि तिचा बूड फुटला, हे त्याला जोडलं की पार्सल कोपऱ्यावर आपटलं हे सरळ दिसतं. वरून वजन पडलेल्या खोक्याची खूण निराळी असते. त्याचं झाकण खोलगट होतं आणि बाजू फुगतात. पावसाळ्यात टेम्पोत भिजलेल्या खोक्याचा तळ मऊ पडतो, आणि वाळल्यावर डागाची कडा तपकिरी राहते. यातलं जे पाहिलं तेवढंच लिहा. कोपरा चेपलेला नव्हता असं आठवत असेल, तर “खोका बाहेरून ठीक होता, पण आत बरण्यांच्या मध्ये पुठ्ठा किंवा कागद काहीच नव्हता” हेही तितकंच कामाचं आहे. मग दोष पॅकिंगचा ठरतो.

माप नक्की माहीत नसेल तर सेंटिमीटर बनवू नका. “तळहाताएवढा तुकडा निघाला” हे चालतं. तुकडे तुमच्याकडे आहेतच, तेव्हा त्यांचं माप आज पट्टीने घ्या.

तुमचा मजकूर साधारण असा होऊ शकतो. यातला तपशील माझा आहे, तो तुमच्या आठवणीप्रमाणे बदला. जे आठवत नाही ते वाक्य सरळ काढून टाका:

> ऑर्डर क्रमांक ____, कुरियर ट्रॅकिंग क्रमांक ____. चिनी मातीच्या तीन बरण्यांचा संच, किंमत १,८५० रुपये.
>
> पार्सल ____ तारखेला दुपारी सव्वाएकच्या सुमारास माझ्या सासूबाईंनी दारात घेतलं. ते संध्याकाळी सातपर्यंत बंदच होतं. मी घरी आल्यावर आम्ही दोघींनी मिळून उघडलं.
>
> पत्त्याचं लेबल सरळ वाचता येईल असा खोका धरला असता खालचा उजवा कोपरा सुमारे दोन बोटं आत चेपलेला होता. खोक्यावरची टेप शाबूत होती. खोका हलवल्यावर आतून तुकड्यांचा आवाज येत होता.
>
> तिन्ही बरण्या वेगवेगळ्या बबल रॅपमध्ये होत्या. रॅपचा एकच थर होता आणि बरण्यांच्या मध्ये पुठ्ठा नव्हता. मोठी बरणी चेपलेल्या कोपऱ्याच्या बाजूला होती. तिच्या रॅपवरची चिकटपट्टी मी कात्रीने कापली. रॅपच्या आतच बरणीचा बूड चार मोठ्या तुकड्यांत फुटलेला मिळाला, सोबत पांढरा चुरा होता. बुडापासून वर एक तडा गळ्यापर्यंत गेला आहे. झाकणाला काही झालेलं नाही. मधली आणि लहान बरणी शाबूत आहे.
>
> त्या वेळी काढलेला फोटो माझ्या मोबाईलमधून डिलीट झाला असून तो आता उपलब्ध नाही. खोकाही माझ्याकडे नाही. फुटलेल्या बरणीचे सर्व तुकडे आणि चुरा मी जपून ठेवला आहे. सोबतचा फोटो आज, ____ तारखेला, त्या तुकड्यांचा काढलेला आहे.
>
> तिन्ही बरण्या एकाच संचात विकल्या असल्याने पूर्ण रक्कम परत मिळावी. शाबूत दोन बरण्या परत द्यायला मी तयार आहे.

यातलं “सव्वाएकच्या सुमारास” अंदाजाने लिहू नका. डिलिव्हरीचा एसएमएस किंवा अ‍ॅपमधली नोंद बघा आणि तिथली वेळ घाला. तुमची वेळ आणि त्यांच्या यंत्रणेतली वेळ जुळली की बाकीचं वाचताना माणूस सैल होतो. ओटीपी दिला म्हणजे माल चांगला मिळाला हे मान्य केलं, असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. ओटीपीने पार्सल पोचल्याचं सिद्ध होतं, आतला माल कसा होता ते नाही.

फोटो डिलीट झाला हे लपवायची गरज नाही. ते एका वाक्यात, कारणं न देता लिहा. मात्र तुकडे दुसऱ्या एखाद्या खोक्यात मांडून “असंच आलं होतं” म्हणून फोटो पाठवायचा मोह कितीही झाला तरी टाळा. अशा फोटोत लेबल नसतं किंवा दुसऱ्याच पार्सलचं असतं, आणि फोटोची तारीख डिलिव्हरीशी जुळत नाही. एवढी एक गोष्ट सापडली की खरी तक्रारही खोटी ठरते. मी अशा फायली बंद होताना पाहिल्यात आणि वाईट वाटलंय, कारण माल खरोखरच फुटलेला होता. अ‍ॅपमध्ये फोटो टाकल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर आजच्या तुकड्यांचा फोटो टाका आणि मजकुराच्या पहिल्याच ओळीत तो आजचा असल्याचं सांगा.

तो जुना फोटो तुम्ही तेव्हा कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता का, हे एकदा नीट आठवा. बहिणीला, सोसायटीच्या ग्रुपवर, “बघ कसं आलंय” म्हणून? समोरच्याच्या मोबाईलमध्ये तो अजून असू शकतो. शेजारच्या काकूंनी किंवा वॉचमनने चेपलेला खोका पाहिला असेल, तर त्यांना विचारून तेवढं एक वाक्य मजकुरात घाला.

आता हे पाठवायचं कुठे? आधी अ‍ॅपमध्येच, आणि आजच, कारण परत करायची मुदत संपली की तो पर्यायच दिसेनासा होतो. तक्रारीचा तिकीट क्रमांक लिहून ठेवा. चॅटवर “फोटो नाही म्हणून नाकारलं” असं उत्तर आलं, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि हाच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि संपर्काचा तपशील वेबसाइटवर देणं ई-कॉमर्स कंपन्यांना २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी बंधनकारक आहे. त्याच नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्यात आहे. ईमेलमध्ये या नियमांचा उल्लेख एका ओळीत करा, धमकीचा सूर नको.

तिथेही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. त्यानंतरचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तिथे पुरावा प्रतिज्ञापत्रावर घेतला जातो. म्हणजे तुम्ही आणि सासूबाईंनी जे पाहिलं ते शपथेवर लिहून दिलंत, तर तोही पुरावाच असतो. म्हणूनच आज अ‍ॅपमध्ये लिहाल ते आणि उद्या शपथेवर लिहाल ते एकच असलं पाहिजे. मजकूराची एक प्रत जपून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तीच पाठवा. हजार-दोन हजारांसाठी आयोगापर्यंत जायचं का, हा निर्णय तुमचा. माझ्या पाहण्यात नीट लिहिलेली बरीच प्रकरणं तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवरच मिटली आहेत.

एक अडचण मात्र रिफंड मंजूर झाल्यावर येते. परतीचं पार्सल न्यायला येणारा मुलगा त्याच्या मोबाईलमधली यादी बघून माल तपासतो. वस्तू फुटकी आहे, मूळ खोका नाही, असं दिसलं की तो पिकअप रद्द करून निघून जातो, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं. मग अ‍ॅपमध्ये “ग्राहकाने माल दिला नाही” अशी नोंद पडू शकते. म्हणून मंजुरीचा मेसेज आला की लगेच कळवा: “वस्तू फुटलेल्या अवस्थेत आहे आणि मूळ खोका उपलब्ध नाही, याची नोंद पिकअपच्या सूचनेत करावी.” तुकडे जाड कागदात गुंडाळून साध्या खोक्यात भरा आणि वर ऑर्डर क्रमांक लिहा. तरीही त्याने नेलं नाही, तर तो दारात असतानाच कस्टमर केअरला फोन लावून नोंद करायला सांगा.