दुप्पट भरूनही मागे का पडते?

“सर, माझं वय २५. पगार बेताचाच आहे. ओढूनताणून महिन्याला ५,००० बाजूला पडतील. पण १० वर्षांनी पगार चांगला वाढलेला असेल, तेव्हा मी सरळ दुप्पट, म्हणजे १०,००० भरेन. निवृत्तीला अजून ३५ वर्षं आहेत. मग आत्तापासून जीव कशाला आटवायचा?”

हा प्रश्न घेऊन आलेल्या मुलीने हिशेब वहीत लिहूनच आणला होता. एका बाजूला महिना ५,००० प्रमाणे ३५ वर्षं, एकूण २१ लाख. दुसऱ्या बाजूला महिना १०,००० प्रमाणे २५ वर्षं, एकूण ३० लाख. खाली रेघ मारून लिहिलं होतं, “९ लाख जास्त भरतेय.” बेरीज बरोबर होती. आणि खरं सांगायचं तर जबाबदार माणसाचीच ही चूक असते. उधळ्या माणसाला असा हिशेब सुचतच नाही.

मी तिला एकच गोष्ट विचारली. “तुझा पैसा १० वर्षांत किती पट होईल असं तू धरलं आहेस?” तिने काहीच धरलं नव्हतं. वहीत होती ती नुसती भरलेल्या पैशांची बेरीज, आणि त्या बेरजेत उशिरा येणारीच पुढे दिसणार.

मग आम्ही वर्षाला १० टक्के परतावा धरला. दरवर्षी नेमका एवढाच मिळतो असं नाही, हिशेब समजावा म्हणून धरलेला हा सरासरी आकडा. आणि हप्ता महिन्याचा न मोजता वर्षाअखेरीस एकदम भरला असं मानलं, म्हणजे कागदावर सोपं जातं. १० टक्क्यांनी रुपया १० वर्षांत २.५९ रुपये होतो. ५९ पैसे कुठून आले हे तिला पटेना, तेव्हा मी तिलाच कॅल्क्युलेटरवर १ ला १.१ ने १० वेळा गुणायला लावलं. आठव्या गुणाकाराला आकडा २ च्या वर गेला तशी ती थांबली आणि म्हणाली, “म्हणजे माझं दुप्पट इथेच संपलं.”

तिथेच संपलं होतं. पण का, ते नीट बघू.

लवकर सुरू करणारी आणि उशिरा सुरू करणारी, दोघींचे हप्ते जोडीजोडीने लावा. पहिलीचा पहिला हप्ता ६०,००० चा, दुसरीचा पहिला हप्ता १,२०,००० चा. पण पहिलीच्या हप्त्याला १० वर्षं जास्त मिळालेली आहेत. साठीपर्यंत पहिलीचे ते ६०,००० वाढून सुमारे १५.३ लाख होतात आणि दुसरीचे १,२०,००० सुमारे ११.८ लाख. दुसरा हप्ता दुसऱ्यासमोर ठेवा, तिसरा तिसऱ्यासमोर, पंचविसाव्यापर्यंत तसंच. प्रत्येक जोडीत अर्धे पैसे भरलेली बाई पुढे असते, कारण १० वर्षांनी पैसा २.५९ पट होतो आणि समोरची फक्त २ पट भरते आहे. अशा पंचवीसच्या पंचवीस जोड्या ती जिंकते. एकूण सांगायचं तर साठीला पहिलीच्या हातात सुमारे १ कोटी ६२ लाख आणि दुसरीच्या हातात १ कोटी १८ लाख.

यात एक गंमत आहे. “पहिलीने १० वर्षं जास्त भरले, म्हणून ती पुढे” असं लोक म्हणतात. पण जोड्या लावल्यावर पहिलीचे जे १० हप्ते उरतात, ते शेवटचे, पन्नाशीनंतरचे. त्यांचे साठीला होतात जेमतेम साडेनऊ लाख. तिने पन्नाशीलाच भरणं थांबवलं असतं तरी तिच्याकडे १ कोटी ५३ लाख असते. सगळी ताकद सुरुवातीच्या हप्त्यांत आहे. २५ ते ३५ या १० वर्षांत भरलेले ६ लाख आणि त्यानंतर एक पैसाही नाही, एवढ्यावर साठीला १ कोटी ४ लाखांच्या आसपास होतात. पस्तिशीला सुरू करून तेच महिना ५,००० पुढची २५ वर्षं, म्हणजे १५ लाख भरणारीचे होतात ५९ लाख.

मुलगी हुशार. तिने लगेच विचारलं, “मग तिप्पट भरले तर?” तिप्पट भरले तर ती जिंकते. महिना १५,००० प्रमाणे १ कोटी ७७ लाख होतात. नेमकी बरोबरी साधायची तर पस्तिशीपासून महिन्याला साधारण १३,८०० लागतात, म्हणजे पावणेतीन पट. हे मी कुणापासून लपवत नाही, कारण “उशीर झाला की संपलं” असं सांगून चाळिशीतल्या माणसाला घाबरवण्यात काही अर्थ नसतो. प्रश्न इतकाच की पस्तिशीला हे पावणेतीन पट येणार कुठून. पगार वाढतो हे खरं. पण त्याच वयात घराचा हप्ता, मुलं, आई-वडिलांचं आजारपण हे सगळं त्या वाढीवर हक्क सांगायला आलेलं असतं. माझ्याकडे पस्तिशीत येणारी माणसं पगाराबद्दल क्वचित तक्रार करतात. पगार आधीच वाटून झालाय, ही तक्रार असते.

शिवाय ते “दुप्पट” किती खरं, हेही पाहायला हवं. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर १० वर्षांनंतरच्या १०,००० ची किंमत आजच्या सुमारे ५,६०० इतकीच उरते. म्हणजे तिला जो मोठा त्याग वाटत होता, तो आजच्या भाषेत महिन्याला ६०० रुपये जास्त, एवढाच होता. हे ऐकून ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. महागाई अर्थात दोघींनाही खाते. पहिलीचे १ कोटी ६२ लाखही ३५ वर्षांनी आजच्या २१ लाखांएवढेच ठरतील. कोटीचा आकडा दाखवून कुणी काही विकायला आलं, तर हा भागाकार आधी करावा. आणि म्हणूनच ५,००० वर वर्षानुवर्षं थांबून चालत नाही, पगाराबरोबर हप्ताही वाढवावा लागतो. लवकर सुरू केलेलीने तसं केलं, तर मागून येणारीला गाठणं आणखी अवघड होतं.

आता या हिशेबाची मर्यादा. सगळं उभं आहे ते १० वर्षांत पैसा दुपटीच्या वर जातो यावर. ७२ ला व्याजदराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण मिळतात. १० वर्षांत दुप्पट व्हायचं तर ७.२ टक्के लागतात. परतावा त्याहून कमी असेल, तर जोड्या दुप्पट भरणारी जिंकते, पण पहिलीचे उरलेले १० हप्ते तिला थोडं सावरतात. परतावा ६ टक्क्यांवर आला की दोघी जवळजवळ बरोबरीत येतात, पहिलीचे ६७ लाख आणि दुप्पट भरणारीचे ६६ लाख. आणखी खाली गेला की दुप्पट भरणारी जिंकते. त्यामुळे पंचविशीत सुरू करून पैसा साध्या बचत खात्यात कमी व्याजावर पडून ठेवला, तर लवकर सुरू करण्याचा मोठा फायदा हातचा जातो. इतकी लांब मुदत असताना पैशाचा मोठा भाग शेअर बाजाराशी जोडलेल्या, कमी खर्चाच्या योजनेत असावा असं मी सांगतो. त्यात चढउतार होणार. पण सुरुवातीच्या वर्षांत रक्कमच लहान असते, बाजार पडला तरी फार नुकसान होत नाही आणि पुढचे हप्ते स्वस्तात लागतात. शेवटच्या ८-१० वर्षांत मात्र रक्कम मोठी झालेली असते, तेव्हा ती हळूहळू स्थिर ठिकाणी हलवावी लागते. लवकर सुरू केल्याने निवृत्तीच्या तोंडावरची मोठी पडझड टळत नाही.

प्रत्यक्षात मात्र लवकर सुरू करणाऱ्यांचं गणित बाजारापेक्षा दुसऱ्याच जागी फसतं. बत्तिशीच्या सुमाराला खात्यात ५ लाख ७० हजार दिसतात. भरलेले असतात ४ लाख २० हजार. सात वर्षं काटकसर करून वर आले फक्त दीड लाख, असं वाटतं, आणि त्याच वेळी गाडी घ्यायची असते किंवा घराचं काम निघालेलं असतं. “त्यातले दोनच लाख काढतो, नंतर भरून टाकेन.” हे दोन लाख म्हणजे साठीचे जवळपास २९ लाख असतात. भरून टाकायचे तर वर्षभरातच भरायला हवेत, आणि ते सहसा होत नाही. वाढ शेवटीच दिसते. साठाव्या वर्षी त्या एकाच वर्षात १४ लाख ७० हजारांची वाढ होते, आणि पूर्ण ३५ वर्षांत भरलेले असतात २१ लाख. मधली वर्षं कंटाळवाणी जाणार हे आधीच माहीत असलं, तर हात थोडा आवरतो.

म्हणूनच त्या मुलीला मी लगेच ५,००० भरायला सांगितलं नाही. तिच्या क्रेडिट कार्डवर थोडी थकबाकी होती आणि अडीअडचणीसाठी वेगळं काहीच नव्हतं. कार्डाचं व्याज १० टक्क्यांच्या कितीतरी वर असतं, तेव्हा ते फेडणं हीच पहिली गुंतवणूक. आणि अडचणीचा पैसा वेगळा नसेल, तर पहिल्याच आजारपणात निवृत्तीचा पैसा मोडला जातो. आम्ही ठरवलं ते असं. ५,००० पैकी २,००० आधी कार्डाला, ते फिटलं की तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतका साठा होईपर्यंत साध्या खात्यात. उरलेले ३,००० पहिल्या महिन्यापासून निवृत्तीसाठी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील असे.

“पण ३,००० नी काय होणार?” तिने जाताना विचारलंच. पुढच्या १० वर्षांत ते कधीच वाढवले नाहीत असं धरलं, तरी या ३ लाख ६० हजारांचे साठीला ६२ लाख होतात. आणि पस्तिशीला १०,००० भरण्याचा तिचा मूळ बेत तसाच राहू दे, त्याचे १ कोटी १८ लाख. दोन्ही मिळून १ कोटी ८० लाख. तिने वहीत जुन्या रेघेखाली तेवढा आकडा लिहिला. पहिला हप्ता कुठल्या तारखेला टाकायचा हे आम्ही तिथेच ठरवलं, कारण तिचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा होतो आणि घरभाडं १ तारखेला जातं. ३,००० ही १ तारखेलाच, भाड्याबरोबर जातात.