फोबोस् कोणाचा? ग्रीक षष्ठीचे दोन अर्थ

प्रश्न : ग्रीक शिकते आहे. 'हे अगापे तू ख्रिस्तू' यातलं प्रेम ख्रिस्ताने केलेलं की ख्रिस्तावर केलेलं? प्रत्ययावरून ओळखता येतं का?

नाही येत. 'मूळ ग्रीकात बघा, तिथे सगळं स्वच्छ आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. इथे मूळ ग्रीकच दोन्हीकडे झुकतं. प्रेम, भीती, द्वेष अशा क्रियावाचक नामाला जोडलेली षष्ठी कर्त्याचीही असते आणि कर्माचीही, रूप तेच.

झेनोफॉनच्या 'अनाबासिस'मधली एक जागा पाहा (१.२.१७-१८). इ. स. पू. ४०१. इराणी राजपुत्र सायरस किलिकियाच्या राणीला आपलं सैन्य दाखवतो आहे. भाडोत्री ग्रीक सैनिक भाले रोखून आरोळी ठोकत धावत सुटतात आणि झेनोफॉन लिहितो, 'तोन् दे बार्बारोन् फोबोस् पोलूस्'. शब्दशः 'बार्बारांची भीती मोठी', बार्बार म्हणजे ग्रीक नसलेले लोक. पुढच्याच शब्दांत राणी गाडीतून पळते, बाजारातले विक्रेते माल टाकून पळतात. म्हणजे भ्यायले ते बार्बार, षष्ठी कर्त्याची. आता हेच मराठीत 'बार्बारांची मोठी भीती' असं उतरवलंत तर अर्थ नेमका उलटा होतो, कारण आपल्याकडे 'वाघाची भीती' म्हणजे वाघाला वाटणारी नव्हे. मराठीत भीतीला 'ची' लागला की तो बहुतेक कर्माचा, आणि 'आईचं प्रेम' म्हटलं की तो कर्त्याचा. कर्म सांगायचं तर आपण 'आईवरचं' म्हणतो. ग्रीकात नामागणिक अशी वाटणी ठरलेली नाही. म्हणून इथे 'बार्बारांची गाळण उडाली' म्हणावं आणि षष्ठीचा मोह सोडावा.

गंमत पुढे आहे. लगेच सायरसला आनंद झाला हे सांगताना झेनोफॉन षष्ठी टाकून देतो आणि 'एक् तोन् हेल्लेनोन् एइस् तूस् बार्बारूस् फोबोन्' लिहितो, म्हणजे ग्रीकांपासून निघून बार्बारांत शिरलेली भीती. भीती कोणाची आणि कोणाला, दोन्ही टोकं अव्ययांनी बांधून टाकली.

नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाकडेही हेच बघायचं. कर्म स्पष्ट सांगायचं असलं की तो 'एइस्' वापरतो. १ थेस्सलनीका ३:१२ मध्ये एकमेकांवरचं प्रेम 'एइस् अल्लेलूस्' आहे. उलट रोमकरांस ८:३५ मध्ये 'ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला कोण तोडेल' असं विचारून दोनच ओव्यांनी 'ज्याने आपल्यावर प्रेम केलं त्याच्याद्वारे' म्हणतो, म्हणजे तिथे षष्ठी कर्त्याची. तुमचं वाक्य २ करिंथकरांस ५:१४ मधलं असेल, तर त्याच वाक्यात पुढे 'एक जण सर्वांसाठी मेला' हे कारण दिलंय. करणारा ख्रिस्त आहे. षष्ठी कर्त्याची धरा.

इथे डॅनियल वॉलेससारखे व्याकरणकार दोन्ही अर्थ एकदम घ्यायला सांगतात आणि त्याला 'परिपूर्ण षष्ठी' छापाचं नाव देतात. मला हे मुळीच पटत नाही. वाचणाऱ्याला ठरवता आलं नाही म्हणून लिहिणाऱ्याला दोन्ही अभिप्रेत होतं, हे कुठलं तर्कशास्त्र? कवी जाणूनबुजून श्लेष करतो तेव्हा त्याची खूण ठेवतो. इथे तशी खूण नाही.

खरं सांगायचं तर घोटाळा विभक्तीच्या नावापासून आहे. ग्रीक नाव 'गेनिके'. लॅटिन व्याकरणकारांनी त्याचं 'गेनेतीवुस्' केलं आणि त्याला जन्म देण्याचा वास आला. पण 'गेनोस्' म्हणजे कूळ, आणि तर्कशास्त्रात जाती, प्रकार. (आपल्या 'जन्' धातूचा हा सख्खा भाऊ, संस्कृत 'जनस्' आणि 'गेनोस्' शेजारी ठेवून बघा.) माझं मत असं की 'गेनिके' म्हणजे प्रकार सांगणारी विभक्ती. 'ख्रिस्तू' एवढंच सांगतो की हे प्रेम ख्रिस्ताच्या बाबतीतलं. प्राचीन ग्रीक व्याकरणकार दिओनिसिओस थ्राक्स हिला 'पात्रिके', म्हणजे बापाची, असंही म्हणतो हे मला ठाऊक आहे. तरी मला ते मागाहून चिकटवलेलं वाटतं. आणि पाणिनी काय म्हणतो? 'षष्ठी शेषे' (२.३.५०). बाकीच्या विभक्तींनी जे सांगून झालं नाही, उरलं, त्याला षष्ठी. 'गेनिके'चं इतकं नेमकं भाष्य मला ग्रीक व्याकरणात सापडलेलं नाही.

पाणिनीने पुढे दारही लावून घेतलंय. कृदन्ताबरोबर कर्ता आणि कर्म दोघांनाही षष्ठी लागते (२.३.६५), पण दोघं एकत्र आले तर ती फक्त कर्माला (२.३.६६), कर्ता तृतीयेत जातो. परंपरेतलं उदाहरण आहे : 'आश्चर्यो गवां दोहोऽगोपालकेन', गवळी नसलेल्याने गाईंची धार काढावी हे नवल. गाय षष्ठीत, काढणारा तृतीयेत, कोण कोणाची धार काढतंय याची शंकाच नाही.