‘अर्धा पिच सोड’ म्हणजे जास्त की कमी?

“गोकुळ शिरगावात लेथवर शिकतोय. ग्राइंडिंगला ०.३ सोड म्हटलं की आम्ही ०.३ मिमी जास्त ठेवतो. काल मेस्त्री म्हणाले, ‘सरळ नर्लिंग आहे, अर्धा पिच सोड.’ इथं जास्त ठेवायचं की कमी करायचं?”

कमी करायचं. दोन्ही वाक्यांत ‘सोड’ तेच आहे, पण काय सोडायचं ते बोलताना गळून पडलंय. ग्राइंडिंगला माल सोडायचा असतो, नर्लिंगला जागा. घरातही दोन्ही अर्थ चालतात: शिलाईला दोन बोटं सोड म्हणजे कापड जास्त ठेव, इडलीचं पीठ ठेवताना भांड्यात चार बोटं सोड म्हणजे भांडं कमी भर, कारण पीठ फुगणार आहे. नर्लिंगचं नातं त्या पिठाशी आहे. पकडीसाठी खाचा पाडणारा दातेरी रोलर धातू कापत नाही, दाबतो. दात रुततो तिथला माल शेजारी वर येतो आणि जॉब फुगतो.

किती फुगतो, ते पिचवरून, म्हणजे शेजारच्या दोन दातांमधल्या अंतरावरून, काढता येतं. ९० अंशाच्या दाताची पूर्ण उंची पिचच्या निम्मी असते. ढोबळमानाने निम्मा दात मूळ पृष्ठभागाच्या आत जातो, निम्मा वर येतो. म्हणजे एका बाजूला पाव पिच, व्यासावर अर्धा. हा अर्धा पिच व्यासातूनच वजा करायचा. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा काढला तर जॉब बारीक होतो.

समजा नर्लिंगनंतर २४ मिमी हवेत आणि पिच १ मिमी आहे. टर्निंग २३.५ला करायचं. ‘सोड’चा उलटा अर्थ घेऊन २४.५ला केलं, तर दाबल्यावर २५ होणार. चूक पूर्ण एका पिचची होते, आणि दात पडल्यावर वरून टर्न करून ती दुरुस्त होत नाही, शेंडे सपाट होतात.

२३.५चा परीघ ७३.८ मिमी येतो, म्हणजे ७३.८ दात. दात अर्धवट बसत नाहीत. ७४ दातांसाठी व्यास २३.५५ लागतो, तोच घ्यावा; २४ला पोचल्यावर दाब थांबवा, शेंड्यावर बारीक सपाटी राहिली तरी चालते. पहिल्याच फेरीत दातांच्या मधोमध दुसरी बारीक रेघ उमटली, तर रोलर जुन्या खाचेत पडलेला नाही. अशा वेळी सुरुवातीलाच दाब जास्त देऊन पाहा, नाहीतर व्यास किंचित कमी करा.

हे सूत्र दाबून केलेल्या सरळ नर्लिंगचं आहे. चौकटीदार नर्लिंगला, टोकं वर येणारी असतील तर, साधारण ०.६७ पिच धरतात. कापून नर्लिंग करणाऱ्या टूलने जॉब जवळजवळ फुगत नाही, तिथं काही सोडू नका. मऊ माल जास्त वर येतो, म्हणून त्याच बारच्या तुकड्यावर दहा मिमी नर्लिंग करून आधी आणि नंतर व्यास मोजावा.

बोलताना मात्र ‘अर्धा पिच कमी कर’ म्हणावं, आणि ‘सोड’ ग्राइंडिंगपुरतं ठेवावं.