तुणतुणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

भाऊ, गावातल्या वाद्यांची यादी तू चांगली केलीस, पण हार्मोनियम टाळांच्या रांगेत नको. वाद्य कशाचं बनलंय किंवा कसं वाजवतात, ते बाजूला ठेव. आधी काय थरथरतं, एवढंच विचार. टाळात धातूच थरथरतो, म्हणून ते घनवाद्य; झिंबाब्वेचा एम्बिराही तसाच, त्याच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यानं छेडतात. हार्मोनियममध्ये भात्याच्या हवेनं पत्त्या बोलतात, म्हणून ते सुषिर, बासरीच्या घरचं. चीनचं शेंगही त्याच जातीचं. चामडं बोललं की अवनद्ध: ढोलकी, पश्चिम आफ्रिकेचा जेंबे. तार बोलली की तत.

आता गोंधळ्याचं तुणतुणं. त्याची तार खालच्या चामड्यातून निघून वर खुंटीला जाते, म्हणून घोटाळा होतो. १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या वाद्यांच्या अभ्यासकांनी तार जोडलेल्या अशा चामडी वाद्यांचा ‘छेडलेले ढोल’ असा गटच केला. बंगालचं गोपीयंत्र त्यात आलं. पुढच्या अभ्यासकांनी हे खोडून काढलं, आणि मला त्यांचं पटतं. स्वतः पाहा: वादकाला विचारून खालचं चामडं बोटांनी हलकेच दाबून तार छेड. आवाज मंदावेल, पण तार बोलेलच. मग तार बोटानं धर. नाद लगेच तुटेल. म्हणजे नाद तारेचा, चामडं तो मोठा करतं. ततमध्ये लिही.

खंजिरीचं मात्र वेगळं. तिथं चामडं आणि झांजा दोन्ही खरोखर वाजतात. मुख्य ठेका चामड्यावर पडतो, म्हणून अवनद्धमध्ये घे आणि शेऱ्यात झांजांची नोंद कर.