अंधाराला घाबरणाऱ्या चार वर्षांच्या मुलासाठी: बाहुला, बॅटरी आणि 'परत येते'चा नियम

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा आहे. दिवा मालवला की रडतो, कपाटामागे कोणीतरी आहे म्हणतो. वाढदिवस जवळ आलाय, धीर येईल असं काय द्यावं? आणि रोज झोपवताना काय करावं?

उत्तर: आमच्या धाकटीचा 'कोणीतरी' पडद्यामागे असायचा. मी रोज पडदा सरकवून दाखवायचे, "बघ, कोणी नाही." ती मान डोलवायची आणि दिवा बंद झाला की पुन्हा रडायची. या वयात मनातलं आणि खरं यातली रेघ अजून पक्की झालेली नसते, त्यामुळे पुरावा दाखवून भीती जात नाही. रोज झडती घेतली तर मुलांना उलट वाटतं, शोधण्यासारखं काहीतरी असणारच. भूत पळवायचे फवारे मला याच कारणाने पटत नाहीत.

वाढदिवसाला एक मऊ बाहुला द्या, पण त्याच्यासोबत एक कामही द्या. इस्रायलमधल्या संशोधकांनी रात्री घाबरणाऱ्या लहान मुलांना कापडी कुत्र्याचं पिल्लू दिलं होतं. काही मुलांना सांगितलं की हे तुझं रक्षण करील, काहींना सांगितलं की हे घाबरट आहे, याला तू सांभाळ. दोन्हींनी भीती कमी झाली. मी दुसरी वाट धरली. आईच्या जुन्या सुती साडीचा ससा शिवला आणि लेकीला म्हटलं, "याला अंधारात एकटं वाटतं, रात्री याला तू जवळ घे." तिसऱ्या दिवशी ती त्याला थोपटत माझेच शब्द म्हणत होती, "आई शेजारच्या खोलीत आहे रे." बाहुल्याला बटणाचे डोळे लावू नका, धाग्याने काढा.

दुसरी भेट म्हणजे त्याच्या मुठीत मावणारी छोटी बॅटरी. अंधार आपल्या हाताने घालवता येतो हे कळलं की निम्मा धीर तिथेच येतो. मात्र गोल चपट्या सेलवर चालणारी घेऊ नका. तसा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. पेन्सिल सेलची आणि झाकण स्क्रूने बंद होणारी घ्या. संध्याकाळी खोलीत अंधार करून त्याच बॅटरीने लपवलेला ससा शोधायचा खेळ खेळा, भिंतीवर हातांच्या सावल्या पाडा. त्याचा अंधार आधी खेळातला होऊ दे.

झिरोचा दिवा लावणार असाल तर पांढरा किंवा निळा नको, मंद पिवळा किंवा तांबूस लावा. तो कुठे लावता हे फार महत्त्वाचं आहे. आमचा खाली, खुर्चीमागच्या प्लगमध्ये होता. एका रात्री मी लेकीच्या उशीवर डोकं टेकून पाहिलं, तर खुर्चीची प्रचंड सावली पडद्यावर उभी होती. उभ्याने ती कधी दिसलीच नव्हती! तुम्हीही दिवा मालवून मुलाच्या जागी आडवे व्हा आणि कपाटाकडे बघा.

आता रोजचं. आधी दुपारची झोप बघा. पाच वाजेपर्यंत झोपलेलं मूल साडेआठला अंथरुणात टक्क जागं राहतं, आणि तेवढा वेळ भीतीला मोकळाच मिळतो. आम्ही तिला साडेतीनपर्यंत उठवायला लागलो. रात्री दात घासणं, शू, एक गोष्ट आणि सशाला पांघरूण घालणं, हा क्रम कधी मोडला नाही. मग मी म्हणायचे, "दोन मिनिटांनी बघायला येते." आणि ती रडो वा न रडो, दोन मिनिटांनी जायचेच. कपाळावर हात ठेवायचा, कुजबुजत एक वाक्य, की बाहेर. पुढची खेप पाच मिनिटांनी. दर दोन-तीन रात्रींनी वेळ थोडा वाढवला. दुसऱ्या आठवड्यात एकदा मी गेले तर ती सशाला कुशीत घेऊन झोपली होती. यात चूक एकच होते, 'येते' म्हणून आपण स्वयंपाकघरात अडकतो. मग मूल खात्री करायला स्वतः उठून येतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनाही सांगा की जेवताना 'बागुलबुवा येईल' म्हणायचं नाही. दिवसा खाण्यासाठी बोलावलेला बुवा रात्री कपाटामागेच जाऊन बसतो.

झोप लागल्यावर तासा-दोन तासांत किंचाळून उठला, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही, सकाळी काही आठवतही नाही, तर ती अंधाराची भीती नव्हे, गाढ झोपेतच घाबरून उठण्याचा प्रकार आहे, ज्याला 'नाइट टेरर' म्हणतात. तेव्हा हलवून जागं करू नका, पडणार-लागणार नाही एवढं बघत जवळ बसा. आणि दिवसाही खोलीत एकटा जात नसेल किंवा एखाद्या प्रसंगानंतर हे अचानक सुरू झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.